ओळ लहान, विनोद शाबूत

चित्रपटातले पात्र एका सेकंदात जेवढे बोलते, तेवढे पडद्यावर वाचायला प्रेक्षकाला बहुतेक वेळा जास्त वेळ लागतो. कानाला दुसरे काम नसते. डोळ्याला मात्र खालची ओळ वाचून लगेच वर नटाच्या चेहऱ्याकडे जायचे असते. त्यामुळे सबटायटल म्हणजे संवादाचा जसाच्या तसा अनुवाद नसतो. उपलब्ध वेळेत वाचून होईल एवढाच मजकूर त्यात ठेवता येतो आणि उरलेला काढावा लागतो. साध्या संवादात ही काटछाट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. विनोदात मात्र एखादा चुकीचा शब्द गेला, तर अर्थ समजूनही हसू येत नाही.

किती मजकूर ठेवायचा, याचे काही ठरलेले आकडे आहेत. जुन्या टीव्हीच्या जमान्यात ‘सहा सेकंदांचा नियम’ प्रचलित होता. सुमारे 37 अक्षरचिन्हांची एक, अशा दोन भरगच्च ओळी वाचायला सहा सेकंद द्यावेत, असा तो नियम. हिशेब केला तर तो सेकंदाला साधारण 12 चिन्हांचा वेग होतो. प्रेक्षकांना सबटायटलची सवय होत गेली, तसा हा आकडा वाढला. बीबीसी शब्दांत मोजते आणि मिनिटाला 160 ते 180 शब्दांची शिफारस करते. नेटफ्लिक्स एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, इंग्रजीसाठी ओळीत 42 चिन्हे आणि पडद्यावर जास्तीत जास्त सात सेकंद अशा मर्यादा घालते. तिथे मोठ्यांच्या इंग्रजी कार्यक्रमांना सेकंदाला 20 चिन्हे चालतात, मुलांच्या कार्यक्रमांना 17. संस्थेगणिक आकडे बदलले, तरी काम तेच राहते. ओळीचा वेळ सेकंदांत घ्यायचा, त्याला ठरलेल्या वेगाने गुणायचे आणि येईल तेवढ्या चिन्हांत संवाद बसवायचा.

देवनागरीत ही मोजणीच जरा फसवी असते. संगणक अक्षरे मोजत नाही, चिन्हे मोजतो. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त ही सारी त्याच्या लेखी वेगवेगळी चिन्हे असतात. ‘उचलून’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो आणि संगणक त्याची पाच चिन्हे मोजतो. ‘महिन्याच्या’ हाही वाचणाऱ्याला चार अक्षरांचाच आहे, पण त्याची चिन्हे 11 होतात. म्हणजे दोन शब्द डोळ्याला जवळपास सारखेच असले, तरी आकड्यात एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा ठरतो. लॅटिन लिपीसाठी ठरवलेली मर्यादा मराठीला तशीच लावली, तर जोडाक्षरांची ओळ वाचायला सोपी असूनही लाल रंगात दिसते आणि विनाकारण कापली जाते. म्हणून देवनागरीसाठी मर्यादा थोडी सैल ठेवावी लागते, आणि आकडा ओलांडला गेला तरी ओळ एकदा खरोखर वाचून पाहावी लागते.

शब्दांना हात लावण्याआधी वेळ वाढवता येतो का, हे पाहिले जाते. पात्र बोलायचे थांबले की सबटायटलही त्याच क्षणी गेले पाहिजे असे नाही. पुढचा संवाद लगेच सुरू होत नसेल, तर ओळ अर्धा-पाऊण सेकंद जास्त ठेवता येते. दोन सबटायटलच्या मध्ये दोन-तीन फ्रेमची फट पुरते, त्याहून मोठी मोकळी जागा वाचनासाठी वापरता येते. एवढ्यानेच मजकूर बसला तर एकही शब्द काढावा लागत नाही. बसला नाही, तरच कात्री हातात घ्यायची.

पहिली कात्री लागते ती पडद्यावर दिसणाऱ्या किंवा कानाला कळणाऱ्या गोष्टींना. दोनच माणसे समोरासमोर बोलत असतील, तर दर वाक्यात नाव घ्यायची गरज नसते. ‘हॅलो’, ‘ओके’, ‘नो’ हे शब्द इंग्रजी न येणाऱ्यालाही ऐकून कळतात. दाराकडे बोट दाखवत ‘त्या तिकडच्या दारातून बाहेर जा’ असे सांगितले जात असेल, तर ‘बाहेर जा’ एवढे पुरते, कारण दार दिसतेच आहे. अडखळणे, तेच ते पुन्हा म्हणणे आणि ‘म्हणजे मला असं म्हणायचंय की’ यांसारखी सुरुवातही सहसा काढता येते.

त्यानंतर मराठीच्या घडणीतली काटकसर उपयोगी पडते. मराठी क्रियापदात पुरुष, वचन आणि बऱ्याचदा लिंगही असते, म्हणून सर्वनाम सोडून देता येते. ‘मी उद्या येते’ यातला ‘मी’ गेला, तरी कोण येणार आणि ती बाई आहे, हे दोन्ही कळते. ‘जो माणूस काल आला होता तो’ ऐवजी ‘काल आलेला माणूस’, ‘रडायला सुरुवात केली’ ऐवजी ‘रडू लागला’ असे केले, की अर्थ तसाच राहून ओळ बरीच आखूड होते. इंग्रजी वाक्याची रचना धरून केलेल्या अनुवादात अशी पसरट रूपे हटकून येतात. त्यामुळे नुसते सरळ, बोलीतले मराठी लिहिले, तरी बरीच जागा सुटते.

याच भाषेत काही शब्द इतके छोटे आहेत की कापायला ते सर्वांत सोपे वाटतात, पण विनोद बहुधा त्यांच्यावरच उभा असतो. ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘म्हणे’, ‘की’ हे ते शब्द. एखादे पात्र म्हणते, ‘तो डॉक्टर आहे, निदान सगळ्यांना तसं सांगतो तरी.’ याचे आटोपशीर रूप ‘तो डॉक्टर आहे’ असे केले, तर टोमणा नाहीसा होतो आणि वाक्य सरळ माहितीचे होते. ‘डॉक्टर आहे म्हणे’ असे केले, तर ओळ मूळच्या निम्म्याहूनही छोटी होते आणि संशय पूर्ण शाबूत राहतो. इथे ‘तो’ गेला, ‘सगळ्यांना सांगतो’ गेले, पण एका ‘म्हणे’ने दोघांचे काम केले. कापताना शब्दाची लांबी बघून चालत नाही. तो शब्द वाक्यात कोणते काम करतो, हे आधी पाहावे लागते.

ही प्रक्रिया एका कल्पित प्रसंगावरून नीट दिसेल. इंग्रजी विनोदी चित्रपट आहे. भराभर बोलणारी घरमालकीण एका तरुणाला भाड्याची खोली दाखवते आहे. तिचे बोलणे आठ सेकंदांत संपते आणि शेवटच्या भागाआधी ती क्षणभर थांबते. तिच्या बोलण्याचा पुरता अनुवाद असा होईल: ‘याआधीचा भाडेकरू इथे तीस वर्षं राहिला, त्याने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही, दर महिन्याच्या एक तारखेला भाडं दिलं, आणि खरं सांगायचं तर तो गेला तो केवळ चार माणसांनी उचलून नेलं म्हणून.’

विनोद कुठे आहे, हे आधी पक्के केले पाहिजे. बाई एका आदर्श भाडेकरूची स्तुती करते आणि तो मेल्याचे सांगते, पण ‘मेला’ हा शब्द उच्चारत नाही. ते प्रेक्षकाने ओळखायचे असते. म्हणजे या विनोदाला दोन गोष्टी लागतात. एक, स्तुतीचा चढता क्रम. दोन, मृत्यूचे न सांगता सुचवणे. बाकी सगळे शब्द गरजेप्रमाणे जाऊ शकतात.

आता हिशेब. क्षणभराच्या थांब्यामुळे दोन सबटायटल करणे सोयीचे ठरते. पहिल्याला पाच सेकंद, दुसऱ्याला तीन. सेकंदाला 17 चिन्हांची मर्यादा धरली, तर पहिल्यात 85 आणि दुसऱ्यात 51 चिन्हे मावतील. पूर्ण अनुवादात ‘भाडं दिलं’पर्यंतचा भाग 115 चिन्हांचा आहे आणि उरलेला 67 चिन्हांचा. दोन्ही भाग मर्यादेबाहेर जातात. पहिला तर 42 चिन्हांच्या दोन ओळींतही मावत नाही.

पहिल्या भागात ‘इथे’ लागत नाही, कारण दोघे त्याच खोलीत उभे आहेत. ‘त्याने’ वाक्याच्या ओघात कळते. ‘एका शब्दाने’ हे ‘कधी’ला नुसते जोर देणारे आहे. ‘दर महिन्याच्या’ हे शब्दही जातात, कारण भाडे एक तारखेला म्हटले की ते दर महिन्याचे, हे सांगावे लागत नाही. एवढे काढून कोणी ‘आधीचा भाडेकरू तीस वर्षं राहिला. ना तक्रार, ना थकबाकी.’ असे लिहील. ते 52 चिन्हांत होते आणि कानालाही बरे लागते. तरी ते जरुरीपेक्षा जास्त कापलेले आहे. 85 चिन्हांची सोय असताना 52 वापरली, तर प्रेक्षक तीन सेकंदांत वाचून मोकळा होतो. बाई मात्र अजून बोलतच असते आणि आपल्याला काहीतरी सांगितले जात नाहीये, असे त्याला वाटते. शिवाय एकेक सद्गुण मोजून सांगण्याची तिची ढबही जाते. म्हणून ‘एक तारखेला’ हा तपशील परत आणायचा आणि तिच्या समाधानाचा एक शब्द जोडायचा: ‘कधी तक्रार नाही, भाडं एक तारखेला हातात.’ आता पहिले सबटायटल 70 चिन्हांचे झाले. सेकंदाला 14 हा वेग आरामात वाचण्याजोगा आहे.

दुसऱ्या भागात सर्वांत आखूड पर्याय ‘मेल्यावरच जागा सोडली’ हा आहे. अर्थ पूर्ण पोहोचतो आणि विनोदाचा प्राण जातो, कारण प्रेक्षकाने ओळखायची गोष्ट ओळीनेच सांगून टाकली. ‘चार माणसांनी उचलून नेलं’ ठेवले तर सूचकता राहते, पण वाक्य लांबते. त्यातून शेवटी ‘म्हणून’ येते आणि ओळ ढिली संपते. इथे मराठी रीत मदतीला येते. मृतदेह चौघांच्या खांद्यावरून जातो, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे ‘गेला तोही चौघांच्या खांद्यावरून’ एवढ्या 32 चिन्हांत मूळचा आकडा, मूळचे चित्र आणि न सांगितलेला मृत्यू, तिन्ही बसतात. ‘खरं सांगायचं तर’ काढले तरी चालते, कारण तो संकोच बाईच्या चेहऱ्यावर आणि थांबण्यात आहेच.

या ओळीत क्रियापद पुढे आणले आहे, तेही मुद्दाम. मराठी वाक्याचे क्रियापद सहसा शेवटी असते, पण बोलताना ते सहज हलवता येते. ‘तो चौघांच्या खांद्यावरूनच गेला’ असे लिहिले, तर हसवणारा शब्द मध्ये येतो आणि शेवटी नुसता ‘गेला’ उरतो. ‘गेला’ आधी घेतल्यावर वाचणाऱ्याला वाटते, भाडेकरू दुसरीकडे राहायला गेला. ‘खांद्यावरून’ येईपर्यंत तो समज टिकतो आणि मग एकदम उलटतो. सबटायटलच्या फाइलमध्ये हे दोन तुकडे असे दिसतात:

```
57
00:04:12,200 --> 00:04:17,200
आधीचा भाडेकरू तीस वर्षं राहिला.
कधी तक्रार नाही, भाडं एक तारखेला हातात.

58
00:04:17,300 --> 00:04:20,300
गेला तोही चौघांच्या खांद्यावरून.
```

वरचा आकडा सबटायटलचा क्रमांक आहे. त्याखाली ते कधी यायचे आणि कधी जायचे, याच्या वेळा तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचे हजारावे भाग अशा क्रमाने दिल्या आहेत. दोन्ही तुकडे एकाच सबटायटलमध्ये घातले असते, तर बाई तक्रारीबद्दल बोलत असतानाच प्रेक्षकाने ‘खांद्यावरून’ वाचले असते. डोळा जिभेच्या पुढे धावतो. चित्रपटगृहात याचा परिणाम लगेच ऐकू येतो. हशा नटाच्या शेवटच्या शब्दाआधी फुटतो आणि तो शब्द त्यात बुडून जातो. म्हणून हसवणारा तुकडा शक्यतो वेगळ्या सबटायटलमध्ये ठेवतात आणि तो पात्राच्या तोंडून निघेल त्याच क्षणी पडद्यावर आणतात.

एकच दृश्य पाहून कापण्यात आणखी एक धोका असतो. याच चित्रपटाच्या शेवटी तो तरुण खोली सोडतो आहे, चार हमाल त्याचा पियानो जिन्यावरून उतरवत आहेत आणि घरमालकीण म्हणते, ‘या वेळी चौघं पियानोला लागले,’ असे समजा. हा दुसरा विनोद पहिल्यातल्या ‘चौघां’वर अवलंबून आहे. पहिल्या वेळी जागा वाचवायला ‘गेला तो खांद्यावरूनच’ असे लिहिले असते, तर त्या ठिकाणी काहीच बिघडले नसते आणि तासाभराने प्रेक्षक कोरडाच राहिला असता. त्यामुळे विनोदी चित्रपटाचे काम सुरू करण्याआधी तो शेवटपर्यंत पाहतात आणि पुढे परत येणारे आकडे, नावे, वस्तू, तकिया कलाम यांची टिपणी ठेवतात. टिपणीतले शब्द कापायचे नाहीत, आणि एकदा योजलेला शब्द पुढेही तोच ठेवायचा. पहिल्यांदा ‘चौघं’ आणि शेवटी ‘चार माणसं’ झाले, तरी धागा सैल पडतो.

मराठीत काटछाटीची सर्वांत महाग पडणारी जागा म्हणजे ‘नाही’. मराठी नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मी त्याला मारलं’ एका सबटायटलमध्ये आणि ‘नाही’ पुढच्यात गेले, तर मधल्या दोन सेकंदांसाठी पात्र खुनाची कबुली देऊन बसते. तसाच विनोद मूळ चित्रपटात असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर नकार त्याच्या क्रियापदाशेजारी, एकाच ओळीत राहिला पाहिजे. दोन ओळींत मजकूर विभागतानाही हेच पाळतात. विशेषण आणि नाम, शब्द आणि त्याचे शब्दयोगी अव्यय, नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ओळ तोडली, तर डोळा क्षणभर अडतो आणि वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो.

मूळ इंग्रजी ऐकून थोडेफार कळणारा प्रेक्षक हाही कात्रीला लगाम घालतो. नावे, आकडे, गावे आणि मराठीतही रुळलेले शब्द त्याला कानाने पकडता येतात. पात्राने तीन शहरांची नावे घेतली आणि खाली दोनच आली, तर त्याचे लक्ष कथेवरून उडून चुकीवर जाते. अशा ठिकाणी तिन्ही नावे ठेवून दुसरे काही कापणे बरे.

काही विनोद आखूड करण्याच्या पलीकडचे असतात. दोन इंग्रजी शब्दांच्या सारख्या उच्चारावर कोटी असेल, तर शब्दशः अनुवाद कितीही नेमका केला तरी ती मराठीत उतरत नाही. तेव्हा त्या विनोदाचे दृश्यात काय काम आहे, हे पाहून निर्णय घेतात. पात्र चुकीचे ऐकते आणि त्यातून भांडण होते असे असेल, तर मराठीत चुकीचे ऐकू येण्याजोगे दोन शब्द शोधावे लागतात, कारण पुढचे भांडण पडद्यावर दिसणारच असते. कोटी नुसती जाता जाता केलेली असेल, तर तेवढ्याच वेळेत बसणारा आणि त्या पात्राला शोभणारा दुसरा टोमणा चालतो. वकील किंवा विक्रेता श्वास न घेता बोलतो आणि समोरचा भांबावतो, अशा दृश्यात तर वेग हाच विनोद असतो. तिथे मजकूर फार विरळ केला, तर प्रेक्षकाला भांबावणे कळतच नाही. म्हणून तेवढ्या भागात वाचनवेग मर्यादेच्या वरच्या टोकाला नेतात आणि पुढच्या सबटायटलमध्ये डोळ्याला विसावा देतात.

ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी केलेल्या सबटायटलमध्ये हिशेब बदलतो. ‘आवाजातून कळेल’ म्हणून कापलेले शब्द त्यांना कुठूनच कळणार नसतात. घरमालकिणीचा संकोच त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा, तर ‘खरं सांगायचं तर’ ठेवावे लागते किंवा ओळीच्या सुरुवातीला तीन टिंबे देऊन तिचे थांबणे दाखवावे लागते. वरच्या उदाहरणात दुसऱ्या सबटायटलची 19 चिन्हे शिल्लक आहेत. तीन टिंबे त्यात सहज मावतात, ‘खरं सांगायचं तर’ आणि त्यापुढची मोकळी जागा धरली तरी एकूण 48च चिन्हे होतात.

काम जमले की नाही, हे ज्याने ओळी लिहिल्या त्याला ठरवता येत नाही. संवाद त्याला पाठ झालेला असतो आणि न वाचताच ओळ कळते. म्हणून चित्रपट न पाहिलेल्या आणि मूळ भाषा न येणाऱ्या माणसाला तो न थांबवता दाखवतात. तो दृश्य थांबवा म्हणाला, तर वेग जास्त आहे. नटाच्या आधी हसला, तर हसवणारा शब्द लवकर आला आहे. मुळीच हसला नाही, पण विचारल्यावर अर्थ बरोबर सांगितला, तर कापताना माहिती वाचली आणि तिला वळण देणारा शब्द गेला. अशा वेळी ओळ आणखी छोटी करून उपयोग नसतो. काढलेल्या शब्दांची यादी समोर घेऊन त्यातला कोणता परत आणायचा, हे शोधावे लागते. परत आणल्यावर ओळ पुन्हा मर्यादेबाहेर गेली, तर कात्री दुसऱ्या, कमी कामाच्या शब्दाला लावायची असते.